भाडेकरार नाही, वीजबिल नाही – गोव्यात बँक खात्यासाठी पत्त्याची स्वयंघोषणा चालते का?

वेर्ण्याची_हिशोबनीस

मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका छोट्या फॅब्रिकेशन युनिटमध्ये हिशोब बघते. पगार खात्यातच टाकायचा असं मालकांनी ठरवलंय. बाकीच्यांचं झालं, एक पोरगा अडकलाय. हिंगोली जिल्ह्यातला, वेल्डरचा हेल्पर. आधार आहे, पण त्यावर गावचा पत्ता. इथे वसाहतीच्या मागच्या वाड्यावर चार जणांत एक खोली घेऊन राहतो. भाडं रोख, पावती नाही. मीटर घरमालकांच्या नावावर, खोलीला नुसता सब-मीटर. घरमालक करार करून द्यायला तयार नाहीत.

बँकेत गेलो तर काउंटरवर सांगितलं, 'लोकल अॅड्रेस प्रूफ आणा, भाडेकरार नाहीतर लाइट बिल.' दोन्ही नाही म्हटल्यावर फॉर्म परत. कुणीतरी म्हणालं की स्वतःच्या सहीचं घोषणापत्र दिलं तरी चालतं. खरंच चालतं का? चालत असेल तर त्यात काय लिहायचं? आणि बँकेने ऐकलं नाही तर पुढे काय? पोरगा हातात पगार घेतो, निम्मा खोलीतल्या पेटीत ठेवतो, म्हणून मला घाई आहे.

---

सावर्डेकर

चालतं ना. शंभराच्या स्टँपपेपरवर अॅफिडेव्हिट करा, नोटरीचा शिक्का मारा आणि द्या. नोटरीशिवाय स्वयंघोषणेला किंमत नाही, ती साध्या कागदावर कुणी घेत नाही. मडगावला कोर्टाबाहेर टायपिस्ट बसतात त्यांच्याकडे मसुदा तयार असतो.

---

फोंड्याचा_खजिनदार

मी बँकेतून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं खाती उघडण्याच्याच टेबलावर होतो. सावर्डेकर, तुमचं अर्धं बरोबर आहे. अॅफिडेव्हिट दिलं म्हणून कुणी नाही म्हणणार नाही, पण नियमाला त्याची गरज नाही. त्या पोराचे नोटरीचे पैसे वाचवा.

नियम असा आहे. मनी लाँडरिंग प्रतिबंध कायद्याखालच्या नोंदींच्या नियमांत नोव्हेंबर २०१९मध्ये दुरुस्ती झाली आणि पाठोपाठ रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांतही ती आली. ज्याची ओळख आधार ई-केवायसीने पटवली आहे आणि ज्याचा सध्याचा पत्ता आधारच्या नोंदीतल्या पत्त्यापेक्षा वेगळा आहे, त्याला त्या पत्त्याबद्दल स्वयंघोषणा देता येते. गाव सोडून कामाला आलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवूनच ही सोय झाली. नोटरी, स्टँपपेपर, राजपत्रित अधिकारी, यातलं काहीही त्यात मागितलेलं नाही.

फक्त एक अट नीट समजून घ्या, कारण गाडी नेमकी तिथेच अडकते. ही सोय 'आधारची झेरॉक्स जोडली' याला नाही. अंगठा किंवा डोळा मशीनवर देऊन, नाहीतर ओटीपीने, आधारच्या सर्व्हरवरून ओळख पटली तरच ती लागू होते. झेरॉक्स दिलीत की तुम्ही दुसऱ्या रांगेत जाता. तिथे सध्याचा पत्ता वेगळा असेल तर कागदच लागतो.

म्हणजे काउंटरवर पहिलं वाक्य 'पत्त्याचा पुरावा नाही' असं म्हणू नका. 'आधार ई-केवायसी करून खातं उघडायचंय, बायोमेट्रिक द्यायला माणूस सोबत आहे, सध्याच्या पत्त्याची स्वयंघोषणा देतो,' असं म्हणा. समोरचा लगेच वेगळी स्क्रीन उघडतो.

---

वेर्ण्याची_हिशोबनीस

अगदी असंच झालं. मी झेरॉक्स पुढे केली आणि पत्ता गावचा आहे हेही मीच आधी सांगितलं. पण एक विचारते. भाडेकरार असता तर झेरॉक्सच्या रांगेतही काम झालं असतं ना? मग घरमालकांच्या मागे लागू की नको?

---

फोंड्याचा_खजिनदार

हे बहुतेकांना ठाऊक नसतं, ताई. रिझर्व्ह बँकेच्या यादीत साधा भाडेकरार नाहीच. आधारवरचा पत्ता जुना असेल तर त्याच्या जोडीला चालणारे कागद मोजके आहेत. वीज, पाणी, टेलिफोन, पोस्टपेड मोबाइल किंवा पाइप गॅसचं बिल, तेही दोन महिन्यांपेक्षा जुनं नको. घरपट्टीची पावती. पेन्शनचा आदेश. आणि नोकरीतून मिळालेल्या घराचं वाटपपत्र. करार चालतो तो फक्त नोकरी देणाऱ्याने दिलेल्या निवासाचा, आणि तो मालक सरकारी खातं, सरकारी उपक्रम, बँक किंवा शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तरच. त्यातही एक मेख आहे. या कागदांवर खातं उघडलं तर तीन महिन्यांच्या आत नव्या पत्त्याचा मुख्य कागद, म्हणजे आधार किंवा मतदार कार्डासारखा, आणून द्यावा लागतो. या पोराने तो कुठून आणायचा?

म्हणून सांगतो, त्याला स्वयंघोषणेचीच वाट सोपी आहे. शाखा करार मागते ती तिची आतली पद्धत. मागू दे, पण तो नाही म्हणून ई-केवायसीचं खातं अडायला नको.

आमच्या टेबलावर नव्या पोरांना मी एक गोष्ट दाखवायचो. केंद्रीय केवायसीच्या अर्जात सध्याच्या पत्त्याच्या रकान्याखाली 'सेल्फ डिक्लरेशन' असा वेगळा पर्याय छापलेला असतो. समोरच्याने फारच ताणलं तर त्याच्याच फॉर्मवर बोट ठेवून तो दाखवा. वाद घालण्यापेक्षा हे बरं.

---

सावर्डेकर

भाडेकरार यादीत नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडे सगळे करारच मागतात. पण मग हिशोबनीस ताई कंपनीच्या लेटरहेडवर 'हा आमच्याकडे कामाला आहे आणि अमुक ठिकाणी राहतो' असं लिहून देतीलच की. ते का नको?

---

फोंड्याचा_खजिनदार

द्या की, जरूर द्या. पण ते पत्र पुरावा म्हणून मोजलं जाणार नाही, पूरक कागद म्हणून जोडलं जाईल. युनिट छोटं आहे, यादीतल्या मालकांत बसत नाही. फायदा इतकाच की मॅनेजरला धीर येतो: माणूस खरा आहे, पगार इथूनच येणार आहे, फोन केला तर उचलणारं कुणी आहे. त्याने बरंच काम होतं.

---

कुंकळ्ळीची_सातेरी

मला पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला हवा होता, मुलाच्या प्रवेशासाठी. मामलेदार कचेरीत स्वयंघोषणा दिली तर तिथे रेशनकार्ड आणि मतदार यादी मागितली. मग इथे तुम्ही सगळे स्वयंघोषणा चालते म्हणताय ते कसं?

---

फोंड्याचा_खजिनदार

ताई, ते प्रकरणच वेगळं. 'तुम्ही इतकी वर्षं गोव्यात आहात' हे सरकार त्या दाखल्याने सांगतं. त्यावर सवलती मिळतात, म्हणून ते जुने कागद बघणारच. इथे प्रश्न एवढाच आहे की बँकेने या माणसाला पत्र कुठे पाठवायचं. या घोषणेने तो पोरगा गोव्याचा रहिवासी ठरत नाही आणि त्याला तसं ठरवूनही घ्यायचं नाहीये. तुमच्या दाखल्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे माहितगार भेटतील.

---

बेतुलचो_भाटकार

माझ्या स्वतःच्या चार खोल्या भाड्याने आहेत म्हणून घरमालकांच्या बाजूने बोलतो. आम्हाला वाईट ठरवू नका. कागद का देत नाही? आमच्या आज्याच्या काळात ज्याला राहायला जागा दिली तो पुढे मुंडकार झाला आणि घर त्याच्या नावावर गेलं. घरातली म्हातारी माणसं अजून सांगतात, कुणालाही लेखी द्यायचं नाही. त्यात भाडेनियंत्रण कायदा आहेच. पोरं चांगली असतात हो, पण एकदा सही केली की पुढे काय होईल कोण सांगणार?

---

फोंड्याचा_खजिनदार

भाटकारबाब, तुमची भीती मी जवळून पाहिली आहे, आमच्याही घरात होती. पण १९७५च्या मुंडकार कायद्यातली व्याख्या एकदा वकिलाकडून वाचून घ्या. घराचं भाडं देऊन राहणारा माणूस त्या व्याख्येतून वगळलेला आहे. म्हणजे 'अमुक इतकं भाडं मिळालं' अशी पावती तुमच्या विरोधात जात नाही. तो भाडेकरू आहे, मुंडकार नाही, हेच ती सांगते. काहीच लेखी नसलेला माणूस उलट जास्त त्रासदायक.

१९६८च्या भाडेनियंत्रण कायद्याबद्दलची तुमची काळजी मात्र मी खोडत नाही. त्यासाठी वकीलच विचारा.

---

बेतुलचो_भाटकार

वकिलांना विचारतो. पण खरं सांगू, पावतीवरही मन तयार होत नाही. पोलिसांकडे भाडेकरूचा फॉर्म मात्र मी देतो. तो द्यावाच लागतो, नाहीतर दंड आम्हाला. त्या फॉर्मची पोच चालेल का या पोराला?

---

वास्कोचा_सुपरवायझर

मी बांधकाम साइटवर आहे, हे काम वरचेवर करतो म्हणून सांगतो. पोलिसांच्या भाडेकरू फॉर्मची शिक्का मारलेली प्रत फार कामाला येते. यादीतला पुरावा नाही हे खजिनदार काकांचं बरोबर, पण त्यावर माणसाचा फोटो असतो, घराचा पत्ता असतो, घरमालकाचं नाव असतं, वर पोलीस स्टेशनचा शिक्का. घोषणापत्राला ती जोडली की काउंटरवर पुढचे प्रश्न बंद होतात. आणि घरमालक करार द्यायला घाबरतात तेवढे या फॉर्मला घाबरत नाहीत, कारण तो त्यांनाच द्यायचा असतो. हिशोबनीस ताई, तुमच्या घरमालकांना करार नका मागू, त्या फॉर्मची एक प्रत मागा.

दुसरी गोष्ट, बोटांची. वेल्डिंग आणि सिमेंटवाल्या पोरांची बोटं मशीनवर उमटत नाहीत. रेषा झिजलेल्या असतात, कातडी कडक झालेली असते. बँकेत 'मॅच नॉट फाउंड' आलं की क्लार्क म्हणतो, आधार अपडेट करून या, आणि मग महिना जातो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्या, कामावरून थेट नका नेऊ. आदल्या रात्री खोबरेल लावून झोपायला सांगा, सकाळी साबणाने धुऊन हात कोरडे करू दे. दहाही बोटं करून बघायला सांगा, अंगठाच पाहिजे असं काही नाही. माझ्या पोरांची बऱ्याचदा अनामिका लागते. तरी नाही लागली तर डोळ्याचं मशीन कुठल्या शाखेत आहे ते विचारा.

---

वेर्ण्याची_हिशोबनीस

अनामिकेचं कुणीच सांगितलं नव्हतं. आता पत्र. मी असं लिहिलंय, कुठे चुकतंय ते सांगा:

> प्रति, शाखा व्यवस्थापक
>
> मी (नाव), हिंगोली जिल्ह्याचा रहिवासी, सध्या गोव्यात वेर्णा येथे राहतो. माझ्याकडे पत्त्याचा कोणताही पुरावा नाही. तरी कृपया माझे खाते उघडून द्यावे ही नम्र विनंती.

---

फोंड्याचा_खजिनदार

ताई, हा विनंतीअर्ज झाला, घोषणा नाही झाली. 'पुरावा नाही' हे वाक्य आधी काढा. त्याची गरजच नाही, आणि ते वाचूनच समोरचा मागे सरतो. घोषणापत्रात माणूस एकच गोष्ट स्वतःच्या जबाबदारीवर सांगतो: माझा आधारवरचा पत्ता हा, आणि मी सध्या इथे राहतो. मी असं लिहिलं असतं:

> विषय: सध्याच्या पत्त्याबाबत स्वयंघोषणा
>
> मी, (आधारवर आहे तसंच पूर्ण नाव), वय ___, आधार क्रमांकाचे शेवटचे चार अंक ____, असे घोषित करतो की,
>
> आधारच्या नोंदीप्रमाणे माझा पत्ता: मु. पो. ______, ता. ______, जि. हिंगोली, महाराष्ट्र.
>
> कामानिमित्त मी (महिना, वर्ष) पासून गोव्यात राहत असून माझा सध्याचा पत्ता असा आहे:
> द्वारा (घरमालकांचं नाव), खोली क्र. __, घर क्र. ______, (वाड्याचं नाव), (जवळची खूण), वेर्णा, ता. सासष्टी, दक्षिण गोवा ४०३७२२.
>
> बँकेचा पत्रव्यवहार, एटीएम कार्ड व चेकबुक या सध्याच्या पत्त्यावर पाठवावे. माझा मोबाइल क्रमांक: ______
>
> पत्ता बदलल्यास मी बँकेला लगेच कळवीन. वरील माहिती खरी आहे. ती खोटी आढळल्यास होणाऱ्या कारवाईस मी जबाबदार राहीन.
>
> ठिकाण, दिनांक, सही किंवा डाव्या हाताचा अंगठा

पूर्ण आधार क्रमांक लिहू नका, शेवटचे चार अंक पुरे. सही बँकेतल्या माणसासमोर करू दे. पोराला मराठी वाचता येतं म्हणून मराठीत लिहिलं तरी चालेल, पण त्या शाखेत मराठी वाचणारं कुणी नसेल तर खाली पत्ता तेवढा इंग्रजीतही लिहा. पत्त्याची नोंद इंग्रजीत होते, आणि वाड्याचं स्पेलिंग क्लार्कने मनाने केलं की टपाल हरवतं.

'द्वारा' आणि घर क्रमांक यांवर सगळं उभं आहे. गोव्यातल्या गावात रस्त्यांना नावं नसतात. पोस्टमन वाडा ओळखतो आणि वाड्यावर घरमालकाला ओळखतो. तुमच्या पोराला तो ओळखत नाही. खोलीवर पंचायतीचा घर क्रमांक नसेल तर घरमालकांच्या मुख्य घराचा क्रमांक घाला आणि 'मागची खोली' असं स्पष्ट लिहा.

---

वेर्ण्याची_हिशोबनीस

काका, हे मी जसंच्या तसं घेते. 'लगेच कळवीन' हे वाक्य हवंच का? ही पोरं सहा महिन्यांत खोली बदलतात.

---

फोंड्याचा_खजिनदार

म्हणूनच हवं. खोटं लिहून घेऊ नका, आणि पोराला समजावून सांगा की खोली बदलली तर दुसरं असंच पत्र द्यायचं. कारण पुढे काय होतं ते सांगतो. खातं उघडल्यावर बँक त्या पत्त्यावर कार्ड पाठवते, कधी पडताळणीचं पत्र, कधी माणूसही येतो. ते टपाल 'या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा मारून परत आलं की शाखा खात्यातून पैसे काढणं थांबवू शकते. पगार जमा होतो आणि काढता येत नाही, असे पोरगे माझ्या टेबलासमोर रडलेले आहेत. घरमालकांना आधीच सांगून ठेवा की या नावाचं टपाल येईल, ते परत पाठवू नका.

आणखी एक खोच. खातं उघडताना फॉर्मवर 'पत्रव्यवहाराचा पत्ता कायमच्या पत्त्यासारखाच' अशी एक चौकट असते. क्लार्क घाईत तिच्यावर टिक करतो. मग घोषणापत्र फाइलमध्ये राहतं आणि कार्ड जातं हिंगोलीला. सही करण्याआधी ती चौकट बघाच. खातं उघडल्याची छापील पावती मिळाली की त्यावर कुठला पत्ता आलाय तो वाचा.

---

वास्कोचा_सुपरवायझर

हे शंभर टक्के खरं. माझ्याकडच्या एका पोराचं कार्ड बीड जिल्ह्यात गेलं, आईने सही करून घेतलं आणि कपाटात जपून ठेवलं. तो इथे वाट बघतोय.

---

म्हापशाची_गृहिणी

मी गॅसच्या कनेक्शनसाठी स्वयंघोषणा दिली होती. एजन्सीने सांगितलं, राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी. मग तुम्ही काहीच नको म्हणता ते बरोबर की ते?

---

फोंड्याचा_खजिनदार

दोन्ही बरोबर, कारण दोन्हीकडचे नियम वेगळे. साध्या घरगुती गॅस कनेक्शनला स्वयंघोषणा चालते, पण ती राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेली असावी असं त्यांच्या यादीत आहे. उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ऑगस्ट २०२१पासून, स्थलांतरित कुटुंबातल्या बाईला रेशनकार्ड आणि पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वतःची घोषणा देण्याची सवलत दिली. पण उज्ज्वला फक्त ज्या घरात आधी कनेक्शन नाही अशा गरीब कुटुंबातल्या प्रौढ बाईच्या नावावर मिळते. चार पोरांच्या खोलीला तिचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

बँकेचा मसुदा तसाच उचलून गॅस एजन्सीला देऊ नका, आणि एजन्सीचा बँकेला देऊ नका.

---

सावर्डेकर

मग सरळ आधारवरचाच पत्ता गोव्याचा करून टाका ना स्वयंघोषणा देऊन. एकदाचा प्रश्न मिटला.

---

फोंड्याचा_खजिनदार

आधारला ही स्वयंघोषणा चालत नाही. तिथे सरपंच, नगरसेवक, आमदार किंवा राजपत्रित अधिकारी यांनी आधारच्याच ठरलेल्या नमुन्यात, फोटोवर सही-शिक्का मारून दिलेलं प्रमाणपत्र लागतं, आणि ते तीन महिनेच वैध असतं. कुटुंबप्रमुखाच्या आधारवरूनही पत्ता बदलता येतो, पण तेव्हा कुटुंबप्रमुखाचा पत्ता गोव्याचा हवा.

शिवाय बदलायची गरज काय? पोराचं रेशन, मत, घरकुलातलं नाव सगळं गावी आहे. आधार गावचं राहू दे आणि बँकेला सध्याचा पत्ता सांगू दे. नियमाने नेमकी हीच मुभा दिली आहे.

---

बेतुलचो_भाटकार

काका, पंचायतीत जाऊन सरपंचाची सही घेणंही सोपं नाही. 'आमच्या वाड्यावर परप्रांतीयांचे पत्ते कशाला' असं तोंडावर म्हणतात. हेही लिहून ठेवा म्हणजे वाचणाऱ्यांना कळेल.

---

वेर्ण्याची_हिशोबनीस

अपडेट देते. मधल्या काळात घरमालकांकडे गेले. करार म्हटल्यावर पुन्हा नाहीच, पण पोलिसांच्या फॉर्मची प्रत मागितली तर लगेच आतून आणून दिली. पोराचं नाव त्यात आधीपासून होतं! त्याला ते माहीतच नव्हतं.

सोमवारी सकाळी पोराला घेऊन त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत गेले. काकांनी सांगितलेलं वाक्य म्हटलं. क्लार्कने मशीन काढलं. दोन्ही अंगठे आणि तर्जन्या लागल्या नाहीत, डाव्या हाताची अनामिका लागली (सुपरवायझर दादा, तुमचे आभार मानावे तितके थोडे). घोषणापत्र घेतलं, कंपनीचं पत्र आणि पोलिसांच्या फॉर्मची प्रत जोडली. नोटरीचा विषयही निघाला नाही. 'पत्रव्यवहाराचा पत्ता तोच' या चौकटीवर खरंच टिक झाली होती, मी सांगितल्यावर खोडून पुन्हा लिहिलं आणि शेजारी सही घेतली. खातं उघडलं. कार्ड यायचंय.

पहिल्या शाखेने मात्र पोरासमोर 'तुमचे लोक पळून जातात' असं म्हटलं होतं, ते माझ्या मनातून जात नाही. त्याबद्दल काही करता येतं का?

---

फोंड्याचा_खजिनदार

छान झालं, ताई. त्या वाक्याबद्दल करता येतं आणि करावं. आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा, शाखेचं नाव, तारीख, काय मागितलं आणि काय म्हणाले ते सगळं लिहून, आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार टाकता येते, पैसे लागत नाहीत. शाखेने ई-केवायसी करायलाच नकार दिला हा मुद्दा वर ठेवा, उद्धट बोलण्याचा खाली. लोकपाल नियमावर चालतो.

---

वास्कोचा_सुपरवायझर

ज्यांना बँकेत अशी वागणूक मिळते त्यांच्यासाठी: पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन घरी येऊन बोटांच्या मशीनवर उघडतो. दिवसअखेर खात्यात दोन लाखांच्या वर ठेवता येत नाहीत, पण पगारापुरतं पुष्कळ झालं. आणि तिथे पत्ता पटवायचा प्रश्नच येत नाही, कारण समोर उभा असतो तोच माणूस टपाल वाटतो.

---

कुडाळकर

उशिरा आलो. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी कळंगुटला हॉटेलात आहे. माझं जनधन खातं गावी कुडाळला आहे, तीन वर्षं वापरलं नाही म्हणून बंद पडलंय. नवीन उघडू की तेच चालू करू? पत्ता बदलायचाय फक्त, बाकी नाव-फोटो सगळं तेच.

---

फोंड्याचा_खजिनदार

नवीन उघडू नका. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, पण केवायसी पुन्हा दिली की चालू होतं. त्यासाठी कुडाळला जायची गरज नाही, त्याच बँकेची गोव्यातली कुठलीही शाखा ते करू शकते. फक्त पत्ता बदलला असेल तर तुमची स्वयंघोषणा घेतात आणि दोन महिन्यांच्या आत पत्र पाठवून किंवा माणूस पाठवून पत्ता पटवून घेतात. जून २०२५पासून बँक मित्रांकडेही अशी घोषणा देता येते. वरचाच मसुदा वापरा, विषयात 'खाते क्र. ___ चा पत्ता बदलण्याबाबत' एवढं घाला.

तुमची बँक कुठली ते इथे लिहू नका. शाखेत विचारा: 'होम ब्रँचला न जाता निष्क्रिय खातं चालू करायचंय.'

---

कुडाळकर

काका, पण मी हॉटेलच्या स्टाफ क्वार्टर्समध्ये राहतो. पावसाळ्यात हॉटेल बंद असतं तेव्हा आम्ही गावी जातो. पत्ता पटवायला माणूस जूनमध्ये आला तर कुलूप असेल. मग?

---

फोंड्याचा_खजिनदार

मग सीझन चालू असतानाच घोषणा द्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे दोन महिने तुम्ही तिथेच असाल. पावसाळ्यातल्या कुलपाचं काय करायचं याला मात्र प्रत्येक शाखा वेगळं उत्तर देते. मी असतो तर घोषणेतच लिहून घेतलं असतं: 'जून ते सप्टेंबर माझा पत्ता आधारवरचा राहील.' पण सिस्टिममध्ये दोन पत्ते ऋतूप्रमाणे बसत नाहीत, हेही खरं.

---

वेर्ण्याची_हिशोबनीस

कार्ड आलं! घरमालकांनीच घेऊन ठेवलं होतं. आता आमच्याकडचे दुसरे दोघे विचारतायत. त्यांच्यातल्या एकाचं आधार मोबाइलला जोडलेलंच नाही आणि दहाही बोटं लागत नाहीत. आमच्या जवळपास डोळ्याचं मशीन असलेली शाखा किंवा पोस्ट कुणाला माहीत आहे का? वेर्णा, नुवे, मडगाव, कुठेही चालेल.